नवव्या दसऱ्यापर्यंत ठेवलेली मशीन

नऊ वर्षांत त्या मशीनच्या दुरुस्तीची बिलं झाली सात लाख तीस हजार रुपयांची. २००९ च्या दसऱ्याला ती घेतली आणि २०१८ च्या दसऱ्याला विकली. वाहतूक, पाया, जोडणी धरून दारात चालू होईपर्यंत अठरा लाख पडले होते. जाताना चार लाख दहा हजार आले. गेलेल्या पैशात बिलं मिळवून नऊनं भागलं की वर्षाला दोन लाख छत्तीस हजार पडतात. सीएनसी लेथ एवढ्या स्वस्तात वापरली, म्हणून मी चारचौघांत छाती फुगवून हा आकडा सांगायचो. खरा आकडा तीन लाख बासष्ट हजार होता, आणि तो मला मशीन गेल्यावर कळला.

माझं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत लहानसं मशीन शॉप आहे. आजूबाजूच्या फाउंड्र्यांत ओतलेली बिडाची कास्टिंगं आमच्याकडे येतात. हब, ब्रेक ड्रम, पंपाचे भाग. आम्ही ती टर्निंग, बोअरिंग करून परत पाठवतो. वडील उद्यमनगरात लेथवर होते, ऑइल इंजिनांच्या जमान्यातले. त्यांची साधी लेथ पंचवीस वर्षं चालली. बेड घासला की स्क्रॅपिंग करायचं, बुश बदलायचा, पट्टा बदलायचा, की परत चालू. त्यामुळे चालती मशीन विकणं म्हणजे दुभती म्हैस बाजारात नेण्यासारखं, हे आमच्या घरात न बोलता ठरलेलं होतं. मी तेच डोकं घेऊन सीएनसीकडे बघत होतो. ही मशीन थांबली की तिच्या मागं सगळी रांग थांबते, हे लक्षात आलं नाही.

मशीन गेल्यावर त्या दिवाळीत बहीण आणि दाजी आले होते. दाजी साखर कारखान्यात कॉस्टिंगला होते, निवृत्त झालेत. मी माझा आकडा सांगितला. त्यांनी फराळाचं ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "पाव्हणं, नऊ का? सात का न्हाई, अकरा का न्हाई?" मला उत्तर देता आलं नाही. नवव्या वर्षी बॉलस्क्रू गेला, त्याची किंमत ऐकून कंटाळलो आणि विकून टाकली, एवढंच कारण होतं.

दाजींनी वहीच्या पाठीमागच्या पानावर जे मांडलं, त्याला वार्षिक सरासरी खर्चाची पद्धत म्हणतात. मशीनवर दोन प्रकारचा पैसा जातो. पहिला किमतीचा: अठरा लाखांची वस्तू घेतली, आज विकली तर चौदा येतील, म्हणजे चार लाख गेले. ती जितकी वर्षं ठेवाल तितक्या वर्षांत हा पैसा वाटला जातो, म्हणून वर्षाचा वाटा कमी होत जातो. दुसरा दुरुस्तीचा, जो वर्षागणिक वाढतो. एक उतरतो, दुसरा चढतो. दोन्ही मिळून वर्षाची सरासरी आधी खाली येते, कुठंतरी तळ गाठते आणि मग वर जाते. तळ ज्या वर्षी, ते मशीनचं किफायतशीर आयुष्य. सूत्र लिहायचं तर एवढंच:

A(n) = (C − S(n) + R(1) + R(2) + … + R(n)) ÷ n

यात C म्हणजे घेतानाची पूर्ण किंमत, S(n) म्हणजे n वर्षांनंतर बाजारात येणारी किंमत, आणि R म्हणजे त्या त्या वर्षीचा दुरुस्ती-देखभालीचा खर्च. ऑपरेटरचा पगार किंवा वीज यात मुद्दाम घेतलेली नाही. जो खर्च दरवर्षी सारखाच आहे तो सरासरीत सारखाच वर चढतो, तळ कुठल्या वर्षी येतो यावर त्याचा परिणाम होत नाही. वाढतो तो खर्च तेवढा धरायचा.

मी लगेच फाइल काढली आणि बिलं वर्षवार लावली. पहिल्या वर्षी वीस हजार, मग तीस, चाळीस, पन्नास, सत्तर, नव्वद, एक लाख वीस, एक लाख चाळीस, आणि शेवटच्या वर्षी एक लाख सत्तर हजार. सरासरी काढली तर पहिल्या वर्षी चार लाख वीस हजार, पाचव्या वर्षी दोन लाख बासष्ट, आठव्या वर्षी दोन लाख अडतीस आणि नवव्या वर्षी दोन लाख छत्तीस. अजून उतरतच होती! मी म्हटलं, "बघा दाजी, मी तर लवकरच विकली."

दाजी हसले नाहीत. म्हणाले, "मशीन बंद असताना काय झालं, ते कुठल्या बिलात हाय?"

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी चूक ती. बेअरिंगचं बिल येतं, सर्व्हिस इंजिनीअरच्या भेटीचं बिल येतं. तीन दिवस मशीन उभी राहिली त्याचं बिल कुणीच पाठवत नाही. ते शोधायला आम्हाला पंधरा दिवस लागले. ऑपरेटरची रोजची प्रॉडक्शन शीट होती, त्यात 'एम/सी बंद' असा शेरा असायचा. फाउंड्रीकडून आलेल्या डेबिट नोटा होत्या. बाहेरच्या शॉपमधून करून घेतलेल्या कामाची चलनं होती. या तीन गठ्ठ्यांतून मशीनचं दुसरं रूप दिसायला लागलं.

नववं वर्षच घेऊ. मशीन त्या वर्षी सातशे तास बंद होती. माझा तासाचा दर चारशेच्या घरात होता, पण बंद तासाचं नुकसान म्हणून चारशे धरणं चूक. मशीन थांबली की वीज वाचते, इन्सर्ट वाचतात. हातातून खरोखर गेले ते तासाला अडीचशे. सातशे गुणिले अडीचशे, एक लाख पंचाहत्तर हजार. इथं एक सांभाळायचं: हे नुकसान तेव्हाच खरं, जेव्हा मशीनपुढं काम वाट बघत उभं असतं. काम नसताना मशीन बंद राहिली तर काही गेलं नाही, ते तास धरायचे नाहीत. मग रिजेक्शन. बोअर टेपर आला, ओव्हल आला, की माझी मजुरी बुडते आणि वर फाउंड्री कास्टिंगची किंमत डेबिट टाकते. त्या वर्षी ते एक लाखाचं होतं. उरलेले पंचावन्न हजार बाहेरून करून घेतलेल्या कामातल्या फरकाचे आणि टेम्पोभाड्याचे. बेरीज तीन लाख तीस हजार. बिलं होती एक लाख सत्तर हजारांची. म्हणजे जो खर्च दिसत होता, त्याच्या जवळपास दुप्पट न दिसणारा.

पहिल्या वर्षी हीच न दिसणारी रक्कम फक्त दहा हजार होती. हा फरक महत्त्वाचा आहे. बिलं सावकाश वाढली, बंद तास आणि रिजेक्शन भराभर वाढले. तळ दाखवणारा चढ बिलांत नव्हताच.

सगळं धरून मांडलेला तक्ता असा झाला. आकडे लाख रुपयांत आहेत. बाजारभाव म्हणजे त्या वर्षाअखेर विकली असती तर आले असते ते. त्या वर्षाचा भार म्हणजे किमतीतली त्या वर्षीची घट अधिक त्या वर्षीचा सगळा दुरुस्तीखर्च.

| वर्ष | बाजारभाव | दुरुस्ती (सगळी धरून) | त्या वर्षाचा भार | आजवरची सरासरी |
|---|---|---|---|---|
| १ | १४.० | ०.३ | ४.३ | ४.३० |
| २ | ११.६ | ०.५ | २.९ | ३.६० |
| ३ | ९.८ | ०.८ | २.६ | ३.२७ |
| ४ | ८.३ | १.२ | २.७ | ३.१३ |
| ५ | ७.० | १.७ | ३.० | ३.१० |
| ६ | ६.० | २.३ | ३.३ | ३.१३ |
| ७ | ५.२ | ३.० | ३.८ | ३.२३ |
| ८ | ४.६ | ३.९ | ४.५ | ३.३९ |
| ९ | ४.१ | ५.० | ५.५ | ३.६२ |

तळ पाचव्या वर्षी. तक्त्यात शेवटच्या दोन स्तंभांकडे बघितलं की भागाकार न करताही तळ सापडतो. चार वर्षांची सरासरी ३.१३ आहे आणि पाचव्या वर्षाचा भार ३.०, भार सरासरीपेक्षा कमी, म्हणून तो सरासरीला खाली ओढतो. पाच वर्षांची सरासरी ३.१० आणि सहाव्याचा भार ३.३, आता तो वर ढकलणार. क्रिकेटमधल्या सरासरीसारखंच आहे. म्हणून दर दसऱ्याला प्रश्न एकच विचारायचा: येणारं एक वर्ष ही मशीन ठेवायला किती पडेल, आणि ते आजवरच्या सरासरीपेक्षा जास्त आहे का? गेलेली वर्षं बदलत नाहीत, निर्णय फक्त पुढच्या वर्षाचा असतो.

पण तक्त्यातली दुसरी गोष्टही बघा. चौथ्यापासून सातव्या वर्षापर्यंत सरासरी तीन लाख दहा हजार ते तीन लाख तेवीस हजार यांच्यातच फिरते. तळ टोकदार नसतो, परातीसारखा पसरट असतो. वर्षभर इकडंतिकडं झालं तर आकाश कोसळत नाही. कुणी 'साडेपाच वर्षांनी विका' असं अचूक सांगायला लागला तर त्याच्या हिशेबावर मी विश्वास ठेवणार नाही, कारण बाजारभाव आणि बंद तास हे दोन्ही अंदाजच असतात. तळ कुठल्या दोन-तीन वर्षांत आहे हे कळलं तरी पुरे. पैसा खातो तो त्यानंतरचा चढ, आठवं-नववं वर्ष.

आता बाजारभावाचा रकाना कुठून आणला ते सांगतो, कारण इथं माझ्यासारखे बरेच जण अडखळतात. मी सुरुवातीला ताळेबंदातली किंमत घेतली होती. आयकरात मशिनरीवर घटत्या किमतीवर पंधरा टक्के घसारा धरतात. त्या हिशेबानं पहिल्या वर्षाअखेर पुस्तकात पंधरा लाख तीस हजार होते, पण बाजारात चौदाच आले असते. पाच वर्षांनी पुस्तकात आठ लाख, बाजारात सात. नवव्या वर्षी दोन्ही जवळपास जुळले, तो निव्वळ योगायोग. घसाऱ्याचा आकडा कर भरायला आहे. मशीन कोण काय भावानं नेईल याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. खरा भाव जुन्या मशीनच्या दलालांना विचारूनच कळतो. मागच्या वर्षांचे भाव मी दोन दलालांना, त्या त्या वर्षी विकल्या गेलेल्या तशाच मशीन आठवायला लावून काढले. आता दरवर्षी खंडेनवमीच्या आधी तिघांना फोन करतो, मधला आकडा धरतो आणि त्यातून क्रेनचा आणि दलालीचा खर्च वजा करतो. हातात पडेल तोच भाव.

एवढं झाल्यावर मी दाजींना म्हटलं, म्हणजे मी चार वर्षं फुकट घालवली. सहा ते नऊ या वर्षांचा भार सतरा लाख दहा हजार, आणि तळाच्या भावानं चार वर्षं बारा लाख चाळीस. पावणेपाच लाखांचा फटका. दाजी म्हणाले, "थांबा. नवी मशीन अठराला कोण देणार हाय तुम्हाला?"

ही पद्धत मुळात गृहीत धरते की जुनी गेली की तशीच, त्याच किमतीची नवी येणार. प्रत्यक्षात किंमत वाढलेली असते. मला नवी बावीस लाखांना पडली. मग जुनीची तुलना तिच्याच सरासरीशी करायची नसते, नव्या मशीनच्या तळाशी करायची असते. अमेरिकेतल्या यंत्रोत्पादकांच्या संस्थेत काम करणाऱ्या जॉर्ज टेरबर्ग यांनी १९४९ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं, त्यात जुन्या मशीनला बचाव करणारी आणि नवीला आव्हान देणारी म्हटलं आहे. कुस्तीच्या गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको. खासबागेत आखाड्यात उतरलेल्या पैलवानाची गाठ समोरच्याशी असते, त्याच्या स्वतःच्या तरुणपणाशी नसते.

नव्या मशीनचा तळ आम्ही जुनीच्याच चालीवर काढला: किंमत बावीस, बाजारभाव त्याच प्रमाणात वाढलेले, दुरुस्ती तेवढीच. तळ सहाव्या वर्षी आला, तीन लाख अठ्ठावन्न हजारांचा. आता जुनीच्या भाराचा स्तंभ परत बघा. सहाव्या वर्षाचा भार ३.३, म्हणजे ३.५८ पेक्षा कमी, ठेवणं बरोबर. सातव्याचा ३.८, म्हणजे जास्त. सहावं वर्ष संपताना विकायला हवी होती. मी तीन वर्षं जादा ठेवली, आणि त्या तीन वर्षांत तेरा लाख ऐंशी हजार घातले, जिथं दहा लाख चौऱ्याहत्तर हजारांत नवी चालली असती. फटका तीन लाखांच्या आसपास.

व्याजही अजून धरलेलं नव्हतं. नव्या मशीनमध्ये बावीस लाख अडकतात, जुनीत पाच-सहाच. बँकेच्या अकरा टक्क्यांनी वर्षाच्या सुरुवातीच्या बाजारभावावर व्याज लावून दोन्हींचे भार परत मांडले, तर जुनी सातव्या वर्षाअखेरपर्यंत ठेवणं चाललं असतं, आणि माझा फटका लाखाच्या आतबाहेर उरला. ही ढोबळ रीत आहे. काटेकोर माणूस प्रत्येक वर्षाचा पैसा आजच्या किमतीला आणून मांडेल. पण दिशा तीच राहते: व्याज चढं असलं की जुनी मशीन थोडी जास्त ठेवावी लागते. पाच, सहा, सात असं उत्तर सरकत गेलं. नऊ मात्र कुठल्याच हिशेबात आलं नाही.

मग नऊ वर्षं का ठेवली? प्रामाणिकपणे सांगायचं तर आठव्या वर्षी स्पिंडलची बेअरिंगं बदलली म्हणून. त्या वर्षीच्या बिलांतला मोठा हिस्सा तोच. बसवून झाल्यावर मनात आलं की आत्ताच एवढे पैसे घातलेत, आता विकायची कशी? निदान दोन वर्षं तरी वसूल करू. हा विचार आतून बरोबर वाटतो आणि पूर्ण चुकीचा असतो. बेअरिंगांचे पैसे ठेवली तरी गेले आणि विकली तरी गेले. त्यांनी पुढच्या वर्षी किती दुरुस्ती वाचेल एवढाच प्रश्न होता. स्पिंडल नवा झाला, पण बॉलस्क्रू आणि गाइडवे तेच राहिले. मोठी दुरुस्ती करायची की नाही हे ठरवताना तिचा पूर्ण खर्च येणाऱ्या वर्षाच्या भारात टाकून बघायचं. तिच्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं खरोखर स्वस्त होणार असतील, तर त्या सगळ्या वर्षांची सरासरी काढून नव्या मशीनच्या तळाशी लावायची. बऱ्याचदा अशा ओव्हरहॉलिंगनंतर दुसरा, थोडा वरचा तळ येतो. पहिल्या चढाला घाबरून लगेच विकणंही म्हणून चूक ठरू शकतं.

बिडाचं काम करणाऱ्यांना एक वेगळं सांगायला हवं. बीड कापताना लांब चिप निघत नाही, काळा चुरा निघतो. तो गाइडवेवरच्या तेलात मिसळला की पॉलिशची पेस्ट तयार होते आणि मशीन स्वतःच स्वतःला घासत राहते. वायपर फाटला आणि तो बदलायला महिना लावला, की त्या महिन्याची किंमत दोन वर्षांनी बोअरच्या टेपरमध्ये दिसते. माझ्या मशीनवर चढाची पहिली खूण बिलात आली नव्हती. ती कंट्रोलच्या पडद्यावर आली होती: बॅकलॅशच्या भरपाईचा आकडा चौथ्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी वाढवावा लागत होता. दुसरी खूण ऑपरेटरच्या हातात होती. पूर्वी पाळीत दोनदा ऑफसेट सुधारायचा, सातव्या वर्षी आठ-दहा वेळा. "मालक, सकाळी मशीन गरम होस्तोवर पहिले चार पीस माझे न्हाईत," असं तो म्हणायचा आणि मी हसण्यावारी न्यायचो. ते चार पीस डेबिट नोटेत होते.

नवी मशीन आल्याबरोबर तिच्या इलेक्ट्रिक पॅनेलच्या दाराला मी दोऱ्यानं एक वही बांधली. रकाने चार: बंद केव्हा, चालू केव्हा, काय झालं, आणि तेव्हा समोर काम होतं का. बिलांवर मशीनचा नंबर लिहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे अकाउंटवाल्याला सांगितलं. जुन्या हिशेबात सगळ्या मशीनची दुरुस्ती एकाच खात्यात जात होती, त्यामुळे कुठली मशीन खातेय हे वर्षअखेरीला कुणालाच सांगता यायचं नाही. महिन्याअखेर वही आणि डेबिट नोटा जुळवायला अर्धा तास लागतो.

पण नव्या मशीननं पहिल्या दोन वर्षांतच दुसरा धडा दिला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, माल येणं-जाणं बंद झालं. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन. पुढे जुलै २०२१ मध्ये परत पूर. मशीनला पाणी लागलं नाही, पण ती उभी राहिली. वहीत दुरुस्ती फारच कमी दिसायला लागली आणि सरासरी छान खाली येत गेली. मला क्षणभर वाटलं की ही मशीन सोन्यासारखी आहे. तसं नव्हतं; ती चाललीच नव्हती. झीज कॅलेंडरप्रमाणे होत नाही, तासांप्रमाणे होते. दोन पाळ्यांत आमची मशीन वर्षाला साधारण पाच हजार तास चालते, म्हणून मी पाच हजार तास म्हणजे एक वर्ष असं धरून दुरुस्तीचा रकाना परत मांडला. बाजारभावाला मात्र कॅलेंडर लागतं. दलाल आधी मॉडेलचं साल विचारतो, तास नंतर. ही दोन घड्याळं वेगवेगळी चालवावी लागतात आणि त्यातली ओढाताण कुठल्याही सूत्रात बसत नाही. पुरासारखा एकदाचा खर्च आला असता, तर तोही मी या चढात धरला नसता, कारण तो मशीनच्या वयामुळे येत नाही.

ही पद्धत सगळीकडं चालते असंही नाही. इचलकरंजीतले साधे यंत्रमाग दशकानुदशके चालले. त्यांचे सुटे भाग स्वस्त, बदलायला सोपे, आणि दुरुस्ती वर्षागणिक फारशी चढत नाही. अशा मागाचा तक्ता मांडला तर सरासरी उतरतच राहील आणि तळ कधी येणारच नाही. तरी ते बदलावे लागतात; शटलशिवाय चालणारे माग त्याच वेळेत कितीतरी जास्त आणि चांगलं कापड देतात म्हणून. तिथं वर्षाचा खर्च बघून भागत नाही, मीटरमागचा खर्च बघावा लागतो. आमच्याकडेही नवी मशीन तासाला जास्त पीस काढत असेल तर हिशेब पीसमागं करायचा. आणि कॉन्टॅक्टर, बल्ब, पंखा अशा एकदम जाणाऱ्या वस्तूंना हा तक्ता लावूच नये. त्या झिजत झिजत महाग होत नाहीत, एक दिवस बंद पडतात.

एक गोष्ट तक्त्यात आलीच नाही. आठव्या-नवव्या वर्षी माल उशिरा गेला म्हणून एका जुन्या ग्राहकानं निम्मं काम दुसऱ्याकडे वळवलं. नवी मशीन आल्यावरही ते परत आलं नाही. त्याला कुठल्या वर्षाच्या रकान्यात किती लिहायचं, हे दाजींनाही सांगता आलं नाही.

नव्या मशीनचा तासमीटर सध्या तीस हजारांवर गेला आहे, म्हणजे आमच्या हिशेबानं सहा वर्षं झाली. वहीवरून आणि बंद तासांवरून येणाऱ्या वर्षाची दुरुस्ती तीन लाखांच्या घरात दिसते. एका दलालानं भाव सांगितला, दुसऱ्यानं त्याहून सत्तर हजार कमी. बाजारात नव्या मशीनचा भाव परत वाढलेला आहे, म्हणून यंदा कदाचित ठेवूच. तिसऱ्याचा फोन यायचा आहे.